सात की पाच? एका रेणूचं नाव शोधताना

दहावी-अकरावीच्या मुलांना कार्बनी संयुगांची नावं शिकवताना मी फळ्यावर दरवर्षी एक आकृती हमखास काढतो. दिसायला ती अगदी साधी आहे.

```
CH3–CH2–CH2–CH–CH2–CH2–CH3
            |
            COOH
```

वर एका ओळीत सात कार्बन आणि मधल्या कार्बनला खाली टांगलेला एक गट. 'याचं नाव लिहा' एवढंच मी सांगतो. पाच मिनिटांनी वह्या पाहिल्या की तीन प्रकारची उत्तरं सापडतात. काही जण लिहितात '4-हेप्टेनॉइक ॲसिड', काही '1-प्रोपाइलब्युटेनॉइक ॲसिड' आणि काही '4-प्रोपाइलपेन्टेनॉइक ॲसिड'. तिन्ही उत्तरं चूक आहेत, पण प्रत्येक चुकीमागे काही विचार आहे. म्हणूनच त्या चुका नीट उलगडल्या की नामकरणाचा सगळा पाठ त्यात मिळतो.

आधी नावाची बांधणी पाहू. एकोणिसाव्या शतकात रसायनांना ती जिथून मिळाली त्या वस्तूंची नावं चिकटत. मुंग्यांपासून मिळालेलं फॉर्मिक ॲसिड, व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड, लोण्यातलं ब्युटिरिक ॲसिड. या लॅटिन नावांवरून पदार्थ कुठून आला ते कळे, पण त्याची रचना कळत नसे. शोधलेल्या संयुगांची संख्या वाढली तशी ही रीत अपुरी पडू लागली. 1892 साली जिनिव्हात युरोपातले रसायनशास्त्रज्ञ जमले आणि नावावरून रेणूची आकृती काढता यावी अशा नियमांचा पाया त्यांनी घातला. 1919 मध्ये स्थापन झालेली आययूपीएसी ही आंतरराष्ट्रीय संस्था आज हे नियम सांभाळते.

या पद्धतीत नावाचे तीन भाग असतात. मधला भाग मुख्य साखळीत किती कार्बन आहेत ते सांगतो. शेवटचा भाग रेणूत कोणता क्रियात्मक गट आहे ते सांगतो. सुरुवातीला फांद्या येतात आणि त्यांच्यापुढे त्या कितव्या कार्बनवर आहेत तो आकडा. मधल्या भागातली पहिली चार नावं पाठच करावी लागतात : मिथ, इथ, प्रोप, ब्युट. त्यातलं 'ब्युट' लोण्याच्या लॅटिन नावावरून आलं आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्युटेनच्या नावात आजही लोणी आहे. पाचपासून पुढे मात्र मराठी मुलांना ओळखीचे आवाज ऐकू येतात. पेन्ट म्हणजे पंच, हेक्स म्हणजे षट्, हेप्ट म्हणजे सप्त, ऑक्ट म्हणजे अष्ट, डेक म्हणजे दश. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा असल्यामुळे हे साम्य आलेलं आहे. वर्गात हे एकदा सांगितलं की पुढचे आकडे घोकावे लागत नाहीत.

आता मोजणीकडे येऊ. आकृतीतला COOH क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या जागी साधा CH3 आहे असं समजा. मग रेणूत फक्त कार्बन आणि हायड्रोजन उरतात, कोणताही विशेष गट नाही. अशा वेळी नियम एकच : सर्वांत लांब सलग साखळी शोधा. इथे ती सात कार्बनची आहे, फांदी चौथ्या कार्बनवर आहे, म्हणून नाव 4-मिथाइलहेप्टेन. डावीकडून मोजा की उजवीकडून, फांदी चौथ्यावरच येते.

पण तोच रेणू मी जरा वाकवून काढला तर?

```
CH3–CH–CH2–CH2–CH3
    |
    CH2–CH2–CH3
```

आता बरीच मुलं वरच्या ओळीतले पाच कार्बन मोजतात, खालच्या तिघांना फांदी म्हणतात आणि '2-प्रोपाइलपेन्टेन' लिहून मोकळी होतात. खरं तर कार्बन तेच, बंधही तेच. बदलली ती फक्त कागदावरची मांडणी. डोळा ओळीत वाचायला सरावलेला असतो, म्हणून तो आडव्या ओळीलाच साखळी समजतो. रेणूला मात्र आडवं-उभं काही नसतं. त्यातले एकेरी बंध सतत फिरत असतात, त्यामुळे फळ्यावर खाली लोंबणारा भाग पुढच्या क्षणी समोर आलेला असू शकतो.

म्हणून मी मुलांना डोळ्याने नव्हे तर बोटाने मोजायला सांगतो. साखळीच्या एका टोकावर बोट ठेवायचं आणि बंधांवरून सरकवत दुसऱ्या कोणत्याही टोकापर्यंत न्यायचं. बोट उचलायचं नाही आणि आल्या वाटेने मागे फिरायचं नाही. रेणूला तीन टोकं असतील तर वाटाही तीन होतात. तिन्ही वाटा चालून पाहायच्या. वरच्या आकृतीत डाव्या CH3 पासून उजव्या CH3 पर्यंत पाच कार्बन लागतात. डाव्या CH3 पासून खालच्या टोकापर्यंतही पाच. उजव्या टोकापासून निघून मधल्या CH वरून खाली उतरलं की सात. तिसरी वाट न चालल्यामुळेच '2-प्रोपाइलपेन्टेन' हे नाव जन्माला येतं.

ही चूक नुसत्या नावावरूनही पकडता येते. ज्या रेणूत विशेष गट नाही, तिथे फांदीत जितके कार्बन असतील त्यापेक्षा तिचा क्रमांक किमान एकाने मोठा असायलाच हवा. एका कार्बनची मिथाइल फांदी दुसऱ्या क्रमांकापासून पुढे येऊ शकते, दोन कार्बनची इथाइल तिसऱ्यापासून, तीन कार्बनची सरळ प्रोपाइल चौथ्यापासून. याचं कारण साधं आहे. दुसऱ्या कार्बनच्या पलीकडे टोकाला एकच कार्बन उरतो. तिथून तीन कार्बनची फांदी निघत असेल, तर तो एकटा कार्बन सोडून फांदीच्या वाटेने गेल्यास साखळी लांब होते. म्हणजे मुख्य साखळी निवडतानाच चूक झाली आहे. '2-प्रोपाइलपेन्टेन' असं लिहिलेलं दिसलं की आकृती न पाहताही ते चूक म्हणता येतं.

आता COOH पुन्हा जागेवर आणू. इथे पहिलं काम त्याला नीट ओळखण्याचं. सराव करताना मुलं COOH कडे बघून म्हणतात, 'यात OH आहे, म्हणजे अल्कोहोल. शिवाय C=O आहे, म्हणजे किटोन.' पण एकाच कार्बनला दुहेरी बंधाने एक ऑक्सिजन आणि एकेरी बंधाने OH जोडलेला असेल, तर ते दोन गट नसून मिळून एकच गट आहे : कार्बॉक्सिलिक ॲसिड. शेजारच्या C=O मुळे OH मधला हायड्रोजन अल्कोहोलपेक्षा कितीतरी सहज सुटतो, आणि व्हिनेगरचा आंबटपणा याच सुटणाऱ्या हायड्रोजनमुळे येतो. म्हणून गट ओळखताना OH दिसल्याबरोबर थांबायचं नाही. तो ज्या कार्बनवर बसला आहे, त्याला आणखी काय जोडलं आहे तेही पाहायचं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. COOH मधला C हाही कार्बनच आहे आणि तो साखळीत मोजायचा असतो. CH3COOH मध्ये दोन कार्बन आहेत, म्हणून ते इथेनॉइक ॲसिड. CH3CH2COOH ला अनेक मुलं इथेनॉइक म्हणतात, कारण गटाला ती साखळीबाहेरचा पाहुणा समजतात. ते प्रोपेनॉइक ॲसिड आहे. अल्डिहाइडच्या CHO मधला कार्बनही असाच मोजला जातो. OH, NH2 किंवा क्लोरीनमध्ये मात्र कार्बनच नाही, तिथे मोजण्याचा प्रश्नच येत नाही. एवढा फरक ध्यानात ठेवला की एका कार्बनची चूक सहसा होत नाही.

आणि आता या सगळ्याचं मर्म. COOH असलेल्या रेणूत मुख्य साखळी म्हणजे सर्वांत लांब साखळी नव्हे, तर ज्या साखळीत तो गट सामावलेला आहे त्यांतली सर्वांत लांब. म्हणजे आधी गट शोधायचा, मग साखळी मोजायची. मुलं बहुधा उलट करतात, आधी मोजतात आणि मग गटाकडे बघतात. वह्यांमधल्या बहुतेक चुकांचं मूळ या उलट्या क्रमात आहे.

फळ्यावरचा पहिला रेणू आता या क्रमाने सोडवू. गट कोणता? COOH, म्हणून नावाचा शेवट 'ऑइक ॲसिड'. बोट COOH च्या कार्बनवर ठेवा, मोजणी तिथूनच सुरू होणार. COOH हा एक, मधला CH हा दोन. पुढे डावीकडे जा किंवा उजवीकडे, दोन्ही बाजू सारख्याच आहेत. उजवीकडे गेलो तर CH2 तीन, CH2 चार, CH3 पाच. साखळी पाचांची, म्हणून पेन्टेनॉइक ॲसिड. डाव्या बाजूचे तीन कार्बन उरले, ती प्रोपाइल फांदी आणि ती दुसऱ्या कार्बनवर आहे. पूर्ण नाव : 2-प्रोपाइलपेन्टेनॉइक ॲसिड.

इथे चाणाक्ष मुलं हटकून विचारतात, 'सर, दुसऱ्या कार्बनवर प्रोपाइल येऊच शकत नाही असं तुम्ही आत्ताच म्हणालात ना?' प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्याच नियमाच्या अटीत आहे. तो नियम विशेष गट नसलेल्या रेणूंपुरता होता. इथे गटाने साखळीचं एक टोक धरून ठेवलं आहे. सात कार्बनची ओळ लांब खरी, पण तिच्यात COOH चा कार्बन येत नाही, म्हणून ती बाद. सांगाडा तोच, पण गट बसल्याबरोबर सात लांबीच्या साखळीची जागा पाच लांबीची साखळी घेते.

आता ती तीन चुकीची उत्तरं पाहू. '4-हेप्टेनॉइक ॲसिड' लिहिणाऱ्याने आधी सात मोजले आणि गट नंतर टांगला. पण 'ऑइक ॲसिड' हा शेवट आला की COOH चा कार्बन नेहमी पहिल्या क्रमांकाचा असतो. त्याला तीन बंध ऑक्सिजनकडे द्यावे लागतात, साखळीसाठी एकच उरतो, त्यामुळे तो साखळीच्या मध्ये बसूच शकत नाही. '1-प्रोपाइलब्युटेनॉइक ॲसिड' लिहिणाऱ्याने साखळी बरोबर निवडली, पण COOH चा कार्बन मोजायचा राहिला. इथेही नावच चूक दाखवतं. पहिल्या कार्बनचे चारही बंध गुंतलेले असताना त्याच्यावर प्रोपाइल बसवायला जागा कुठे? '4-प्रोपाइलपेन्टेनॉइक ॲसिड' लिहिणारा उत्तराच्या सर्वांत जवळ पोचला होता. गट ओळखला, साखळी बरोबर मोजली, फक्त क्रमांक दुसऱ्या टोकाकडून दिले.

पडताळणीचा सोपा उपाय म्हणजे रेणुसूत्र जुळवणं. आपल्या रेणूत दोन बाजूंचे तीन-तीन, मधला एक आणि COOH चा एक असे आठ कार्बन आहेत. हायड्रोजन दोन बाजूंचे सात-सात, मधला एक आणि COOH चा एक, म्हणजे सोळा. सूत्र C8H16O2. नावावरून मोजलं तर पेन्टचे पाच आणि प्रोपाइलचे तीन मिळून आठच. एखादा कार्बन सुटला असेल तर तो इथे सापडतो. मात्र या उपायाला मर्यादा आहे. '4-प्रोपाइलपेन्टेनॉइक'मध्येही आठच कार्बन येतात, त्यामुळे तिथे सूत्र काहीच बोलत नाही. अशा वेळी मूळ आकृती झाकून फक्त नावावरून नवी आकृती काढावी लागते. ते केलं की COOH पासून प्रोपाइलच्या टोकापर्यंत सात कार्बनची वाट मिळते आणि रेणू 4-मिथाइलहेप्टेनॉइक ॲसिड निघतो. तो वेगळाच पदार्थ आहे. नावावरून काढलेली आकृती मूळ आकृतीशी बंधन्‌बंध जुळली, तरच उत्तर बरोबर.

हा रेणू मी उगीच निवडलेला नाही. अपस्माराच्या, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर जगभर दिलं जाणारं व्हॅलप्रोइक ॲसिड ते हेच. COOH मधल्या हायड्रोजनच्या जागी सोडियम आला की सोडियम व्हॅलप्रोएट होतं, ज्याच्या गोळ्या आपल्याकडच्या अनेक घरांत रोज घेतल्या जातात. 'व्हॅलप्रोइक' या नावातही आपण आत्ता केलेली मोजणी दडली आहे. पाच कार्बनच्या पेन्टेनॉइक ॲसिडचं जुनं नाव व्हॅलेरिक ॲसिड. त्याला प्रोपाइल फांदी फुटलेली, म्हणून व्हॅल आणि प्रो.

बर्टन या रसायनशास्त्रज्ञाने हे ॲसिड 1882 मध्ये तयार केलं. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं त्याचा औषधी गुण कुणाच्या लक्षात आला नाही, प्रयोगशाळेत ते नुसतं द्रावक म्हणून वापरलं जाई. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पिअर एमार आणि त्यांचे सहकारी काही नव्या संयुगांची चाचणी घेत होते. ती पाण्यात विरघळत नसल्याने त्यांनी ती या ॲसिडमध्ये विरघळवली. प्राण्यांवरच्या चाचणीत प्रत्येक द्रावण झटके रोखताना दिसलं. मग त्यांनी नवी संयुगं वगळून केवळ द्रावक देऊन पाहिलं, तरी परिणाम तोच. 1963 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 1967 पासून फ्रान्समध्ये हे औषध वापरात आलं.

आता तेच C8H16O2 घ्या, पण आठही कार्बन एका सरळ साखळीत लावा, टोकाला COOH. गट तोच, अणू तितकेच. मोजणी मात्र आठांची, म्हणून नाव ऑक्टेनॉइक ॲसिड. खोबरेल तेल ज्या मेदाम्लांपासून बनलेलं असतं त्यांतलं हे एक. एक कोकणातल्या नारळात, दुसरं औषधाच्या गोळीत, आणि रेणुसूत्राने त्यांच्यात भेद करता येत नाही. 'पेन्ट' आणि 'ऑक्ट' या दोन तुकड्यांनी तो होतो. मुलं विचारतात, साखळी कुठून कुठे मोजली याने असं काय बिघडतं? तेव्हा मी हेच दोन रेणू शेजारी शेजारी काढून दाखवतो.

एका रेणूत दोन गट असले तर काय करायचं, हे दह्याच्या उदाहरणाने सांगता येतं. दह्यातलं लॅक्टिक ॲसिड म्हणजे CH3CH(OH)COOH. ते 1780 मध्ये कार्ल शीले यांनी नासलेल्या दुधातून वेगळं काढलं होतं. यात OH वेगळ्या कार्बनवर आहे, म्हणून तो खरोखरच अल्कोहोल गट आहे, आणि COOH ही आहे. नावाच्या शेवटी एकाच प्रकारच्या गटाला जागा मिळते आणि तिथे पहिला मान ॲसिडचा. OH सुरुवातीला जातो आणि तिथे त्याला 'हायड्रॉक्सी' म्हणतात. COOH पासून मोजलं की कार्बन तीन, OH दुसऱ्यावर. नाव झालं 2-हायड्रॉक्सीप्रोपेनॉइक ॲसिड.

गट आधी की लांबी आधी, या प्रश्नावर नियम करणाऱ्यांचंही मत एका जागी बदललं आहे. दुहेरी बंध असलेल्या रेणूत मुख्य साखळीत तो बंध यायलाच हवा, असं आपली शाळा-कॉलेजची बहुतेक पुस्तकं आजही शिकवतात. आययूपीएसीच्या 2013 च्या शिफारशींनी मात्र तिथे लांबीला पहिला मान दिला. त्यामुळे दुहेरी बंधाची फांदी असलेल्या रेणूला पुस्तकात एक आणि अलीकडच्या संशोधनलेखात दुसरं नाव दिसलं, तर दोन्ही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असू शकतात. COOH, OH यांसारख्या गटांचा मान मात्र कायम आहे.

तास संपताना मी ती पहिली आकृती पुसतो आणि सात कार्बनची ओळ आडवी न काढता COOH पासून सुरू होणारी पाचांची साखळी आडवी काढतो, प्रोपाइल फांदी खाली.

```
HOOC–CH–CH2–CH2–CH3
     |
     CH2–CH2–CH3
```

'हा कोणता रेणू?' मी विचारतो. बरीच मुलं नवा रेणू समजून पुन्हा मोजायला लागतात. एखादी मुलगी मात्र COOH वर बोट ठेवते, पाचपर्यंत सरकवते आणि मान वर करून म्हणते, 'सर, हा तोच आहे.'